आत्याच्या ऋषीच्या भाजीतली चिंच

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सणाच्या पदार्थाची कृती लिहायची आणि तीत एखादा तपशील चुकीचा असायचा, हे श्रावणापासून दिवाळीपर्यंत बऱ्याच घरांत घडते. वाचणाऱ्यांपैकी एखाद्याला ती चूक लगेच दिसते. ती सांगावी की गप्प बसावे, सांगितली तर कोणी आणि कोणत्या शब्दांत, हे प्रश्न नंतरचे. जिला चूक समजले जाते ती खरोखर चूक आहे की त्या घरची रीत, हे आधी पाहावे लागते आणि बहुतेकदा घोटाळा तिथेच होतो. ऋषिपंचमीच्या भाजीवरून हे चांगले कळते, कारण या भाजीला व्रताचा नियमही आहे आणि पाकक्रियेचा नियमही आहे, आणि ते दोन्ही एक नाहीत.

ऋषिपंचमी म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी, गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ हे सात ऋषी आणि त्यांच्यासोबत अरुंधती यांची या दिवशी पूजा होते. हे व्रत मुख्यतः बायका करतात. बैलाच्या कष्टाचे या दिवशी खायचे नाही, हा त्याचा सर्वांत ठळक नियम. नांगरलेल्या शेतात पिकलेले धान्य, डाळी आणि गळिताचे तेल त्यामुळे बाजूला राहते आणि परसात, कुंपणावर, वेलीवर किंवा कुदळीने खणलेल्या जमिनीत जे येते ते चालते. म्हणून या दिवशीची भाजी म्हणजे भाद्रपदातल्या परसाचीच जत्रा असते. अळूची पाने आणि देठ, लाल माठ, सुरण, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, मक्याचे कणीस, कुठे रताळे, कुठे अंबाडी. सोबत बहुधा वरीचे तांदूळ. पूर्वी या भाज्या शेजारीपाजारी मागून गोळा होत. आता चतुर्थीच्या आसपास मंडईत भाजीवाल्या सगळ्याचे थोडे थोडे एकत्र करून ‘ऋषीची भाजी’ म्हणूनच वाटा विकतात.

भाजी करायला सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. सहा माणसांसाठी अळूची आठ-दहा पाने देठांसकट, माठाची अर्धी जुडी, पाव किलो सुरण, तेवढाच भोपळा, एक कणीस, एक दोडका, वीतभर पडवळ, पाच-सहा भेंड्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी ओले खोबरे आणि लिंबाएवढी चिंच पुरते. अळूचे आणि माठाचे देठ सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करतात. सुरण, कणसाचे तुकडे आणि देठ आधी शिजायला टाकतात, मग भोपळा, दोडका, पडवळ आणि चिरलेला पाला. हे सगळे मऊ होत आले की चिंचेचा कोळ घालून आणखी दहा मिनिटे चांगले उकळू देतात. कोळ आधीच घातला तर आंबटामुळे देठ आणि सुरण लवकर शिजत नाहीत आणि दाताखाली कचकचीत राहतात. शेवटी मीठ, मिरची आणि खोबरे. हळद, मोहरी, तेल नाही. काही घरांत वरून तूप-जिऱ्याची फोडणी देतात, काही घरांत तीही नाही.

या कृतीत चिंच आहे ती केवळ चवीसाठी नाही. अळूत आणि सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे अतिशय बारीक, सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. नीट न शिजलेला अळू खाल्ला की ते जिभेला आणि घशाला टोचतात आणि घसा खाजू लागतो. चांगले शिजवणे आणि आंबट घालणे हे त्यावरचे जुने आणि अनुभवाने पटलेले उपाय आहेत. अळूच्या फदफद्यात चिंच असते, अळुवडीच्या पिठात चिंच-गूळ असतो, कोकणात अळूच्या भाजीला आंबाडे किंवा आमसूल लावतात, आणि सुरण चिरण्याआधी बायका हाताला चिंचेचे पाणी किंवा तेल चोळतात, ते याचसाठी. रोजच्या स्वयंपाकात ही चूक सुधारता येते. चमचाभर रस जिभेवर ठेवून दोन मिनिटे थांबले की घसा सांगतो, आणि मग आणखी चिंच घालून पुन्हा उकळी आणता येते. ऋषीच्या भाजीचा मात्र बऱ्याच घरांत नैवेद्य दाखवला जातो आणि नैवेद्याआधी चव घ्यायची नसते. कृतीत चिंच नसेल तर ते पान वाढल्यावर, पहिल्या घासाला कळते.

आता असे समजा की चतुर्थीच्या संध्याकाळी, आरत्या आटोपल्यावर, सत्तरी ओलांडलेल्या एका आत्याने ग्रुपवर उद्याची भाजी लिहिली. ग्रुपमध्ये तीसेक माणसे आहेत. त्यांत यंदा पहिल्यांदाच स्वतः भाजी करणारी पुण्यातली भाची आहे आणि परदेशातला पुतण्याही आहे. आत्याची कृती नेटकी आहे. देठ कसे सोलायचे, कणीस किती जाड कापायचे, वरीचे तांदूळ आधी भाजून का घ्यायचे, हे सगळे तिने लिहिले आहे. शेवटच्या ओळीत ती लिहिते, ‘चिंच घालू नये, उपवासाला आंबट चालत नाही.’ थोड्याच वेळात खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते.

आंबट न खाण्याचा नियम मराठी घरांत आहे, पण तो दुसऱ्या व्रताचा आहे. संतोषीमातेच्या शुक्रवारी आंबट वर्ज्य असते. 1975 साली ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला आणि हे शुक्रवार घरोघर पोचले. ज्या बाईने ते वर्षानुवर्षे निष्ठेने केले, तिच्या मनात ‘उपवास म्हणजे आंबट नाही’ हे पक्के बसले तर त्यात नवल नाही. ऋषिपंचमीचा नियम आंबटाचा नसून नांगराचा आहे. चिंच झाडाची, बैलाच्या कष्टाशी तिचा संबंध नाही, म्हणून त्या नियमात ती सहज बसते. एका व्रताचा नियम दुसऱ्याला चिकटणे हा सणाच्या कृतींमधल्या चुकांचा अगदी नेहमीचा प्रकार आहे. चूक अशी आली कुठून हे कळले की ती सांगणेही सोपे जाते, कारण मग आत्याला काहीच ठाऊक नाही असे म्हणावे लागत नाही. तिला ठाऊक असलेला नियम खराच आहे, फक्त त्याचा वार वेगळा.

पण इथेच थांबून दुसरी शक्यता पाहायला हवी. काही घरांत ऋषीच्या भाजीत अंबाडीचा पाला घालतात. अंबाडी मुळातच आंबट. तिचा पाला बऱ्यापैकी पडला की चिंचेची गरज उरत नाही, आणि अशा घरातली सासू सुनेला ‘चिंच घालायची नाही हं’ असे सांगू शकते. पुढे अंबाडी मिळेनाशी होते, मंडईतल्या वाट्यात ती नसते आणि सासूचे वाक्य तेवढे उरते. आत्याचे तसे झाले असेल तर तिच्या घरची रीत बरोबरच आहे. तिच्या कृतीतून एक पाला गळला आहे आणि मागाहून कोणीतरी, कदाचित तिनेच, त्या वाक्याला उपवासाचे कारण जोडले आहे. मग सुधारणाही बदलते. ‘चिंच लागतेच’ असे तिला सांगणे तेव्हा चूक ठरेल, अंबाडीची आठवण देणे बरोबर.

म्हणून तपशील वेगळा दिसला की तो कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे. तुपाची फोडणी द्यावी की नाही, भोपळा सालीसकट घ्यावा की सोलून, भाजी सरबरीत ठेवावी की घट्ट, या घराघरांच्या रीती आहेत आणि त्यांत सुधारण्यासारखे काही नसते. आत्याने पंचमीची तारीख चुकवली असती तर ते काम सर्वांत सोपे होते. पंचांग किंवा भिंतीवरचे कालनिर्णय सगळ्यांचे सारखेच, आणि तारीख चुकली म्हणून कोणी मनाला लावून घेत नाही. तुरीची डाळ लिहिली असती तर ती व्रताच्या नियमाला सोडून, पण खाणाऱ्याला त्रास देणारी नाही. ते सवडीने, सण झाल्यावरही बोलता येते. अळू आणि सुरण असलेल्या भाजीत कोणतेच आंबट नसणे मात्र वेगळे. त्यात रीत सांभाळली जात नाही आणि खाणाऱ्याचा घसाही. शिवाय सकाळी दहाला भाजी चुलीवर चढणार आहे. सांगायचे तर आजच.

पडताळायला फार काही लागत नाही. आत्याची बहीण, थोरली जाऊ किंवा तिच्या हाताखाली वर्षानुवर्षे भाजी चिरलेली कोणी असेल तर तिला विचारावे, ‘आत्याकडे ऋषीच्या भाजीला आंबट काय घालतात?’ प्रश्न असाच उघडा ठेवावा. ‘चिंच घालतात ना?’ असे विचारले की होकार ठरलेला आणि खरे कळत नाही. पाककृतींचे छापील पुस्तक पाहायला हरकत नाही, पण ते आत्यापुढे पुरावा म्हणून ठेवू नये. पुस्तकातली कृतीही कुठल्या तरी एका घरचीच असते आणि आत्याने पन्नास वर्षे केलेली भाजी त्या पुस्तकाहून जुनी असू शकते. यात आणखी एक शक्यता उरते, ती म्हणजे सांगणाऱ्याचीच चूक. ज्याने भाजी नुसती खाल्ली आहे, कधी केलेली नाही, त्याला आंबट चव आठवते पण ती चिंचेची होती की अंबाडीची हे सांगता येत नाही.

यानंतर आत्याला फोन करावा. ग्रुपवर लिहिण्यापेक्षा फोन बरा, आणि त्याची कारणे साधी आहेत. लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो, त्यामुळे ‘चिंच नाही का घालत?’ हा सरळ प्रश्नही टोमण्यासारखा वाचला जाऊ शकतो. शिवाय तीस माणसांसमोर विचारले की आत्याला उत्तरही तीस माणसांसमोर द्यावे लागते, आणि त्यांत तिच्या सुना, जावई, नातवंडे असतात. कृती लिहिताना ती त्या सगळ्यांची वडील म्हणून बोलली होती. फोनवर तिला ‘थांब, आठवते’ म्हणता येते, मागे वळता येते, हसता येते.

फोनवर काय बोलायचे याचा एक नमुना असा: ‘आत्या, तुझी भाजी वाचली. माठाचे देठ आधी टाकायचे हे मला ठाऊक नव्हतं, मी सगळं एकदमच टाकायचे. एक विचारायचं होतं. तुमच्याकडे त्यात आंबट काय असतं? आमच्याकडे अळूमुळे घसा खाजतो म्हणून आई चिंच घालायची.’ या बोलण्यात चूक हा शब्द नाही, आणि तो गाळण्यासाठी काही खोटेही बोलावे लागलेले नाही. देठांबद्दलचे वाक्य खरे असेल तरच बोलावे. नुसते गोड बोलण्यासाठी केलेली स्तुती जुन्या बायका चटकन ओळखतात. प्रश्नही खरा आहे, कारण अंबाडीची शक्यता खरोखरच उघडी आहे. आणि चिंचेचे कारण सांगितले आहे ते स्वयंपाकाचे, उपवासाचे नव्हे. ‘उपवासाला आंबट चालतं’ असे म्हटले असते तर वाद धर्माचा झाला असता. घसा खाजतो हे कुणालाही पटते, आणि आत्यानेही आयुष्यात कधीतरी खाजरा अळू खाल्लेला असतो.

यावर आत्या बहुधा दोहोंपैकी एक उत्तर देते. ‘अगं, आमच्याकडे अंबाडी असायची’ असे म्हणाली तर कोडे सुटलेच. ‘उपवासाला आंबट नको ना?’ असे विचारले तर शुक्रवारची आठवण करून द्यायची वेळ येते: ‘ते संतोषीमातेच्या शुक्रवारचं ना, आत्या? ऋषीला बैलाच्या कष्टाचं नको, असं आजी सांगायची.’ आजीचे नाव घ्यायचे ते तिने खरोखर तसे सांगितले असेल तरच. इथे एक सवय टाळायला हवी. बोलणे सौम्य व्हावे म्हणून ‘चिंच लिहायची राहिली वाटतं’ असे म्हणण्याचा मोह होतो. जिथे खरेच राहून गेले असेल, मीठच लिहिले नसेल, तिथे हे वाक्य उत्तम आहे. आत्याने मात्र ‘घालू नये’ असे स्पष्ट लिहिले आहे. तिथे ‘राहिली वाटतं’ म्हणणे म्हणजे तिचे लिहिलेले वाचलेच नाही असे दाखवणे, आणि ते तिला उघड विरोधापेक्षा जास्त लागते.

‘तू’ की ‘तुम्ही’ हेही जपावे लागते. पुष्कळ मराठी घरांत आई, आजी, मावशी, आत्या यांना माहेरच्या माणसांनी ‘अगं’ म्हणायचे आणि सुनांनी ‘अहो’. त्यामुळे वरचे बोलणे भाचीच्या तोंडी शोभते. सुनेने तेच बोलायचे तर ‘आत्या, तुमच्याकडे आंबट काय घालतात?’ असे, आणि पुढे ‘आमच्याकडे’ या शब्दापाशी तिने थबकावे. सुनेचे ‘आमच्याकडे’ म्हणजे माहेर असे ऐकले जाते, आणि चिंचेचा प्रश्न दोन घरांच्या बरोबरीवर जाऊन पोचतो. तिला हे ‘मागच्या वर्षी माझी भाजी जरा खाजरी झाली होती, काय चुकलं असेल?’ असे विचारता येईल, अर्थात तसे झाले असेल तर. ज्याचा आत्याशी सर्वांत मोकळा संबंध त्यानेच बोलावे आणि एकानेच बोलावे. चार जणांचे चार फोन गेले की विचारपूस उरत नाही, तक्रार होते.

ग्रुपवरची सुधारणा आत्याच्याच हातून व्हावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. तेवढ्यात फोन झाला तर शेवटची ओळ बदलली की काम झाले. वेळ निघून गेला असेल तर नवा निरोप टाकावा लागतो, आणि तो लिहून द्यायला आत्याला मदत लागू शकते: ‘मघाच्या भाजीत एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे अंबाडीचा पाला घालतात म्हणून चिंच नसते. अंबाडी मिळाली नाही तर लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घाला, नाहीतर अळू खाजतो.’ इथे ‘राहिलं’ हा शब्द आत्याचा आहे आणि खराही आहे, कारण अंबाडी लिहायची राहिलीच होती. या निरोपाने कृती मूळच्याहून चांगली होते. अंबाडी का, चिंच कधी, हे दोन्ही त्यात आले आणि परदेशातल्या पुतण्यालाही ती वापरता येते. त्याला अंबाडी मिळायची नाही, पण चिंचेची बाटली मिळेल. बाटलीतली चिंच दाट असते, म्हणून त्याने दोन लहान चमच्यांपासून सुरुवात करावी.

आत्या फोन उचलत नाही आणि नऊ वाजून गेले, असेही होईल. तेव्हा ग्रुपवर लिहिणे भाग पडते, पण आत्याच्या निरोपाला उत्तर म्हणून नव्हे. ‘आमच्याकडची भाजी’ म्हणून दोन ओळी वेगळ्या लिहाव्या, त्यात अळू-सुरण असल्यामुळे चिंचेचा कोळ घालतात एवढे यावे, आणि आत्या सकाळी भेटली की तिला ते आपणहून सांगावे, म्हणजे पाठीमागे काही झाले असे तिला वाटणार नाही. पहिल्यांदा भाजी करणाऱ्या भाचीला मात्र वेगळा फोन करावा. ती कृती शब्दशः पाळणार आहे आणि नैवेद्याआधी चव घेणार नाही.

आत्याला पटलेच नाही तर? ‘आम्ही कधीच घातली नाही आणि कधी खाजली नाही’ असे ती म्हणाली, तर तेही ऐकून घेण्यासारखे आहे. काही अळू मुळात कमी खाजरे असतात. परसातला नेहमीचा, पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेला अळू आणि बाजारातला अनोळखी अळू यांत फरक पडतो, आणि भाजी तासभर मंद शिजली तर त्याचाही उपयोग होतो. आत्याच्या परसातल्या अळूसाठी तिचे म्हणणे खरे असू शकते. त्यावर आणखी वाद घालण्यात अर्थ नाही. तिच्या घरी तिची भाजी तिच्या पद्धतीने होईल, आणि बाजारचा अळू घेणाऱ्यांना चिंचेचे आधीच कळलेले असेल.

सुधारलेला निरोप आला तरी जुना मजकूर नाहीसा होत नाही. चतुर्थीच्या रात्रीच कोणीतरी तो दुसऱ्या ग्रुपवर पाठवलेला असतो, आणि मूळ निरोप बदलला तरी पुढे गेलेल्या प्रती तशाच राहतात. ज्याने तो पुढे पाठवला त्यालाच आत्याचा नवा निरोपही त्याच जागी पाठवायला सांगावे. पुढच्या वर्षी कोणी तरी ग्रुपमध्ये मागे जाऊन कृती शोधेल तेव्हा त्याला दोन निरोप सापडतील. म्हणून सण झाल्यावर एखाद्या दुपारी आत्याजवळ बसून पूर्ण कृती पुन्हा एकदा, अंबाडी आणि चिंचेसकट, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि तिच्याच नावाने ग्रुपवर टाकावी.